मीटरवर ड्रेसचं कापड घेताना: पन्हा, वजन, कट आणि आटणं

दुकानात ताग्यावरून कापड घेताना पहिला प्रश्न बहुतेक जण एकच विचारतात, "कुर्त्याला किती लागेल?" उत्तरही ठरलेलं येतं, "अडीच मीटर पुरेल, ताई." हे उत्तर अनेकदा बरोबर असतं. मात्र ते 44 इंची पन्ह्याच्या कापडाला आणि मध्यम अंगाच्या बाईला धरून दिलेलं असतं. कापड 36 इंची निघालं, अंग थोडं रुंद असलं किंवा कापड धुतल्यावर चांगलंच आटणारं असलं, की टेलर बाहीला जोड घालतो, नाहीतर उंची दोन इंच कमी करून देतो. मग आपण टेलरवर चिडतो, पण कमी पडलेलं असतं ते कापड.

या लेखात एकच कुर्ता घेऊन सगळा हिशोब करू या. छाती 38, हिप 40, उंची 42 इंच, पाऊण बाही, दोन्ही बाजूंना चिरा असलेला सरळ कुर्ता. कापड साधं सुती छापील कॅम्ब्रिक. हा हिशोब एकदा हाताखालून गेला की स्वतःच्या मापांनी तो कुणालाही करता येतो.

आधी पन्हा विचारा, मग भाव

पन्हा म्हणजे कापडाची एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतची रुंदी. बाजारात ड्रेसच्या कापडात ढोबळमानाने तीन पन्हे दिसतात. हातमागाच्या आणि खादीच्या बऱ्याच कापडांचा 36 इंच, म्हणजे साधारण 91 सेंटिमीटर. छापील कॉटन, कॅम्ब्रिक, रेयॉन यांचा बहुतेक वेळा 44 इंच, म्हणजे 112 सेंटिमीटर. मोठ्या मागांवरच्या शर्टिंगचा, लिननचा आणि बऱ्याच मिश्र धाग्यांच्या कापडांचा 58 इंच, म्हणजे 147 सेंटिमीटर.

दुकानदार पन्हा तोंडाने सांगतो, पण टेप लावून पाहायला काही हरकत नसते. "44 चा पन्हा" म्हणून दिलेलं कापड 42 किंवा 43 भरतं, हे सर्रास होतं. शिवाय दोन्ही काठांना अर्धा-अर्धा इंच जाड विणीचा, कधी पिनांची भोकं पडलेला, कधी छपाई न पोचलेला भाग असतो. तो शिवणीत धरता येत नाही. म्हणून सांगितलेल्या पन्ह्यातून एक इंच मनातल्या मनात वजा करायचा.

आता आपल्या कुर्त्याचे भाग बघू. हिप 40 वर चार इंच सैलपणा धरला की घेर 44 होतो. पुढचा भाग त्याच्या निम्मा, म्हणजे 22. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवली की 25 इंच रुंद. मागचा भागही तेवढाच. उंची 42 मध्ये खालचा दाब आणि खांद्याची माया मिळवली की 45. बाही दंडाजवळ शिवून 14 इंच भरेल अशी धरली तर मायेसकट 16 इंच रुंद, आणि लांबी 17 अधिक दोन, म्हणजे 19.

44 च्या पन्ह्यात 25 इंचाचे दोन भाग शेजारी-शेजारी बसत नाहीत. त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकाखाली एक घ्यावा लागतो. त्याला 90 इंच लांबी लागते. या दोन भागांच्या बाजूला जी उभी पट्टी उरते, तिच्यातून दोन्ही बाह्या निघतात. गळ्याची पट्टी आणि पायपिंगही तिथूनच निघतं. 90 इंच म्हणजे 2.29 मीटर. "अडीच मीटर" हा आकडा इथून येतो. वरचे वीस-एक सेंटिमीटर आटण्यासाठी आणि तिरक्या कटासाठी असतात.

36 च्या पन्ह्यात भागाशेजारी जेमतेम नऊ-दहा इंच उरतात. त्यात 16 इंचाची बाही येत नाही, म्हणून बाह्यांसाठी खाली आणखी 19 इंच लागतात. लांबी झाली 109 इंच. आटणं धरून तीन मीटर घ्यावं लागतं. 58 च्या पन्ह्यात मात्र पुढचा-मागचा भाग शेजारी-शेजारी बसतो, बाह्या त्यांच्याखाली येतात, आणि 64 इंचात काम होतं. तिथे पावणेदोन मीटर पुरतात.

मीटरचा भाव एकट्याने काही सांगत नाही, तो याच कारणाने. समजा 36 पन्ह्याचं कापड 150 रुपये मीटर आहे आणि 44 पन्ह्याचं 180 रुपये. पहिलं स्वस्त वाटतं, पण तीन मीटरचे 450 आणि अडीच मीटरचेही 450. 58 पन्ह्याचं 240 रुपये मीटर ऐकून आपण मागे सरतो, पण पावणेदोन मीटरचे 420 होतात. तुलना नेहमी एका कपड्याच्या एकूण किमतीवर करावी. हातमागाचं कापड या हिशोबात महाग पडलं तरी ते विणणाऱ्याच्या मेहनतीचं आहे आणि मला ते जास्त प्रिय आहे, पण ते तीन मीटर लागणार हे आधी कळलेलं बरं.

अडीच मीटर कुणाला पुरत नाही

लांब बाही हवी म्हणून अर्धा मीटर जास्त घेणारे बरेच भेटतात. 44 च्या पन्ह्यात त्याची गरज नसते. बाजूची पट्टी 90 इंच लांब असते आणि पूर्ण बाहीच्या दोन तुकड्यांना 48 इंच लागतात. बाही लांबली तरी पट्टीतच मावते.

खरी अडचण रुंदीची असते. कापड धुतल्यावर पन्हाही थोडा आटतो. 44 चा पन्हा तीन टक्के आटून 42.7 राहिला आणि काठांचा एक इंच गेला, की हाती 41.7 इंच उरतात. आपल्या कुर्त्याचा भाग 25 आणि बाही 16, एकूण 41. अगदी काठोकाठ बसलं. हिप 46 असेल तर त्याच पद्धतीने भाग 28 इंचाचा होतो, बाजूला पावणेचौदा इंच उरतात, आणि बाही बसत नाही. बाह्यांना वेगळी लांबी धरावी लागते, म्हणजे हिशोब 36 च्या पन्ह्यासारखा 109 इंचांवर, आटणं धरून तीन मीटरवर जातो. हिप साधारण 41-42 च्या वर असेल तर 44 च्या पन्ह्यात सरळ तीन मीटर घ्यावं.

दुसरी वेळ चौकडीच्या किंवा मोठ्या नक्षीच्या कापडाची. चौकडी बाजूच्या शिवणीला जुळायला हवी असेल तर नक्षी जिथे पुन्हा सुरू होते तेवढं अंतर वाढवून घ्यायचं. नक्षी दर आठ इंचांनी फिरत असेल तर पाव मीटर जास्त. एकाच दिशेला तोंड असलेली बुट्टी, मोर किंवा वेल असेल तर टेलरला आधीच दाखवा, कारण मग कोणताही तुकडा उलटा ठेवून कापड वाचवता येत नाही.

वजन हाताने बघा, घरी काट्यावर बघा

कापडाचं वजन एका चौरस मीटरला किती ग्रॅम असं सांगतात. दुकानात त्याला जीएसएम म्हणतात, आणि ऑनलाइन विकणारे हल्ली तो आकडा लिहितात. ढोबळ अंदाज असा ठेवावा: मलमल 60-70 च्या आसपास, कॅम्ब्रिक 100 च्या आसपास, पॉपलिन 110 ते 130. मलमलचा कुर्ता अस्तराशिवाय पारदर्शक दिसतो. कॅम्ब्रिक गडद रंगात अस्तराशिवाय चालतं, पांढऱ्यात किंवा फिक्या रंगात सहसा नाही. सलवार-पँटला 110 च्या खालचं कापड बसण्याच्या जागी लवकर विरतं, असा माझा अनुभव आहे.

"60-60 कॅम्ब्रिक" असं ऐकलं तर तो आकडा वजनाचा नाही, धाग्याच्या नंबरचा आहे. उभा धागा 60 नंबरी, आडवाही 60 नंबरी. नंबर जितका मोठा, धागा तितका बारीक. नवखी माणसं 60 पेक्षा 40 हलकं समजतात. खरं म्हणजे 40-40 चं कापड जाड असतं.

घरी आणल्यावर वजन तपासणं सोपं आहे. 2.5 मीटर लांब आणि 1.12 मीटर रुंद कापडाचं क्षेत्रफळ 2.8 चौरस मीटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते 280 ग्रॅम भरलं तर 280 भागिले 2.8, म्हणजे 100 जीएसएम. विकणाऱ्याने लिहिलेल्या आकड्यापेक्षा चार-पाच ग्रॅमचा फरक पडला तर तो सोडून द्यावा, कापड दमट असलं तरी एवढा पडतो.

मोठा फसवा भाग खळीचा असतो. कमी धाग्यांचं विरळ कापड खळीने भरून कडक आणि भरीव केलं जातं. हाताला ते छान लागतं, काट्यावरही वजन दाखवतं, आणि पहिल्या धुण्यात जाळीसारखं होऊन येतं. दुकानात याची परीक्षा अशी: कापडाचा कोपरा दोन्ही हातांत धरून एकमेकांवर जोरात चोळा आणि उजेडाकडे धरा. चोळलेला भाग बाकीच्या कापडापेक्षा स्पष्ट विरळ दिसला किंवा बोटांवर पांढरी भुकटी आली तर खळ भरपूर आहे. घरी धुण्याआधी आणि पूर्ण वाळल्यावर वजन करा. 280 चं 270 झालं तर ठीक. 280 चं 240 झालं तर पैशांतला सातवा हिस्सा खळीचा होता, आणि त्या दुकानात पुढच्या वेळी कुठलं कापड घ्यायचं नाही हे कळतं.

कट कसा घ्यावा

मोजताना दुकानदार कापड पट्टीवर ओढून धरतो का, ते बघा. रेयॉन, मऊ कॉटन, क्रेप ही कापडं ताणली की मीटरमागे सहज दोन-तीन सेंटिमीटर लांबतात, आणि अडीच मीटरमध्ये ते सहा-सात सेंटिमीटर होतात. भांडायची गरज नसते. "दादा, सैल ठेवून मोजा" एवढं म्हटलं की बहुतेक जण नीट मोजतात. दुकानातल्या मीटरपट्टीवर वैधमापन विभागाचा पडताळणीचा शिक्का असायला हवा. टेबलाच्या कडेला ठोकलेल्या खिळ्यांवर किंवा हाताच्या वितीवर मोजून दिलं तर पट्टीवर मोजून मागायचा आपल्याला हक्क आहे. जुनी माणसं अजून वारात बोलतात. वार 91.44 सेंटिमीटरचा, म्हणजे अडीच वार आणि अडीच मीटर यांत एकवीस सेंटिमीटरचा फरक आहे. बोलणं वारात झालं तरी पावतीवर मीटर लिहून घ्या.

कट सरळ आला पाहिजे. साधं सुती कापड दुकानदार कडेला छोटा काप देऊन फाडतो. नवख्याला ते धसमुसळं वाटतं, पण ती उत्तम पद्धत आहे, कारण फाडताना कापड आडव्या धाग्यावरच फाटतं आणि कड सरळ येते. कात्रीने कापलेलं कापड तिरकं जाऊ शकतं. एका काठाला 2.50 आणि दुसऱ्या काठाला 2.42 असं मिळालं तर तुमच्या हाती 2.42 च आहे. म्हणून लांबी दोन्ही काठांवर मोजायची. घरी कात्रीने कापलेल्या कडेतला एक आडवा धागा सुईने उचलून ओढून काढा. तो धागा जिथून गेला तिथे एक बारीक रेघ दिसते. ती रेघ म्हणजे खरी सरळ कड.

छापील कापडात अजून एक गोष्ट पाहावी. छपाई आडव्या धाग्याला समांतर आहे का? आडव्या पट्ट्यांच्या किंवा चौकडीच्या छपाईत पट्टी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे दोन इंच खाली उतरत असेल, तर टेलर धाग्यावर कापेल तेव्हा पट्ट्या तिरक्या दिसतील आणि पट्टीवर कापेल तेव्हा कुर्ता धुतल्यावर पिळवटेल. असं कापड कितीही सुंदर असलं तरी परत ठेवावं. दुकानातच दोन हात कापड उलगडून घडी काठाला काठ जुळवून घातली की हे लगेच कळतं.

पाकिटातल्या तयार सेटमध्ये टॉप, बॉटम आणि ओढणीचे कट आधीच पाडलेले असतात. पाकिटावर लिहिलेली लांबी वाचा आणि "टॉप 2 मीटर" असं असेल तर पन्हा किती हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. 58 च्या पन्ह्यात दोन मीटर भरपूर आहेत, 44 मध्ये आपला कुर्ता त्यात बसत नाही.

आटणं: मोजल्याशिवाय टेलरकडे नेऊ नका

मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात. त्यानंतर धुलाई, रंग, छपाई, इस्त्री या प्रत्येक टप्प्यावर कापड लांबीच्या दिशेनेच ओढलं जातं. आपल्या हातात येतं ते हे ताणलेलं कापड. पाण्यात बुडालं की सुती धागा फुगतो, आडव्या धाग्यांभोवती जास्त वळसा घेतो, ताण सुटतो आणि कापड लांबीत आखूड होतं. म्हणून आटणं लांबीत जास्त आणि पन्ह्यात कमी असतं. साध्या कॉटनला तीन ते पाच टक्के धरावेत, रेयॉनला आणि हातमागाच्या सैल विणीच्या कापडाला पाच ते आठ. पॉलिस्टर जवळजवळ आटत नाही. "प्री-श्रंक" किंवा "सॅनफोराइज्ड" असा शिक्का खरा असेल तर आटणं एक टक्क्याच्या आसपास राहतं. तोंडी "आटणार नाही" याला मी किंमत देत नाही.

पाच टक्के ऐकायला थोडे वाटतात. 42 इंची शिवलेल्या कुर्त्यात ते दोन इंचांहून जास्त होतात, आणि गुडघ्याखाली येणारा कुर्ता गुडघ्यावर येतो.

मोजायची पद्धत अशी. कापडाच्या मधोमध, काठापासून दूर, दोन्ही दिशांना बरोबर 50 सेंटिमीटरचा चौकोन वेगळ्या रंगाच्या धाग्याच्या टाक्यांनी खुणवा. पेनाची खूण धुण्यात जाते. मग कापड पुढे ज्या पद्धतीने धुणार आहात त्याच पद्धतीने धुवा. कुर्ता मशीनमध्ये जाणार असेल तर कापडही मशीनमध्येच टाका, नुसतं बादलीत बुडवून काढू नका. सावलीत वाळवा, इस्त्री वरून दाबून ठेवा, ओढू नका, आणि पुन्हा मोजा. उभ्या दिशेला 50 चे 47.5 झाले तर अडीच सेंटिमीटर भागिले 50, म्हणजे पाच टक्के. आडव्या दिशेला 48.5 झाले तर तीन टक्के.

आता आपला कुर्ता. धुतल्यावर 90 इंच हवे आहेत. पाच टक्के आटणार, म्हणून 90 ला 0.95 ने भागायचं: 94.7 इंच, म्हणजे 2.41 मीटर. नुसतं 90 वर पाच टक्के वाढवले तर 94.5 येतात. इथे फरक किरकोळ आहे, पण आठ टक्के आटणाऱ्या कापडात तो दीड सेंटिमीटरच्या पुढे जातो. भागाकाराची सवय ठेवलेली बरी. अडीच मीटर घेतलं तर हाती नऊ सेंटिमीटर उरले, तिरक्या कडेला पुरेसे. आटणं आठ टक्के निघालं तर 97.8 इंच, म्हणजे 2.48 मीटर लागतात, आणि कड थोडी जरी तिरकी असली तरी अडीच मीटर कमी पडतं. म्हणून रेयॉन किंवा सैल विणीचं हातमागाचं कापड घेताना आपल्याच हिशोबावर पाव मीटर वाढवून घ्यावं.

चौकोनाची खूण करायचा कंटाळा असेल तर पूर्ण कापडाची लांबी धुण्याआधी आणि नंतर दोन्ही काठांवर मोजली तरी काम होतं. टेलरला द्यायचा आकडा धुतल्यानंतरचा.

खादी आणि जाड हातमाग एका धुण्यात पूर्ण आटत नाही. दुसऱ्या धुण्यात आणखी एखादा टक्का जातो. तिथे शिवायच्या आधी दोन धुणी द्यावीत. रेयॉन ओलं असताना कमकुवत असतं, ते पिळू नये. दोरीवर लांब टांगलंत तर स्वतःच्या वजनाने ओघळून लांबतं आणि मोजमाप चुकतं. ते आडवं पसरून वाळवावं. गडद निळा, लाल आणि काळा यांना पहिल्या धुण्यात वेगळ्या बादलीत ठेवा. पाण्यात थोडा रंग सुटणं चालतं, पण ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबल्यावर त्यावर दाट डाग आला तर त्या कापडाला पांढरी पायपिंग किंवा फिकी ओढणी जोडू नका.

अस्तर विसरू नका. कुर्त्याचं कापड धुतलं आणि अस्तराचं मलमल तसंच शिवलं, तर पहिल्या धुण्यानंतर अस्तर आतून आखूड होतं, कुर्ता शिवणीपाशी चुण्या घेतो आणि खालची कड आत ओढली जाते. इस्त्रीने ते सरळ होत नाही. अस्तर, पायपिंगचं कापड आणि कॉटनची लेस, सगळं त्याच दिवशी, त्याच पाण्यात धुवायचं.

टेलरला देताना

एका कागदावर चार ओळी लिहून कापडाला टाचून द्या. आपल्या कुर्त्यासाठी ती चिठ्ठी अशी होईल: "पन्हा धुऊन साडेबेचाळीस इंच. लांबी धुऊन 2.37 मीटर. कापड आणि अस्तर दोन्ही धुतलेलं आहे. बुट्टी वरच्या दिशेला." या चिठ्ठीमुळे टेलरला पुन्हा मोजायचं कारण उरत नाही, आणि त्याने "कापड कमी होतं" म्हटलं तर बोलणं नेमक्या आकड्यावर येतं. 2.37 मीटर म्हणजे 93 इंच. आपल्याला 90 हवेत, म्हणून बाहीला जोड पडायचं कारण नाही. उरलेले तुकडे परत मागा. बाजूच्या पट्टीतून बाह्या काढल्यावर साधारण सोळा इंच रुंद आणि सव्वा मीटरहून लांब तुकडा शिल्लक राहतो. टेलर गळ्याची पट्टी त्यातूनच काढतो, तरी बराच उरतो. तो जपून ठेवला तर दोन वर्षांनी दंडाजवळ विरलेल्या बाहीला त्याच कापडाचा, तेवढाच आटलेला तुकडा हाताशी असतो.